काळा हेडफोन, दोन शब्द आणि रिकामे ४४० पिक्सेल : एका थंबनेलचं प्रकरण

माझी एक मैत्रीण वस्तूंचे रिव्ह्यू करते आणि तिच्या व्हिडिओंचे थंबनेल मी बनवते. आमची कामाची पद्धत थोडी उलटी आहे. वस्तूचा फोटो आणि मजकूर आधी ठरतो, ती स्वतः मात्र चित्रात सर्वांत शेवटी येते. व्हिडिओचं शूटिंग संपलं की त्याच दिव्यांत ती थंबनेलसाठी चार-पाच फोटो काढते, मी त्यांतला एक कापून जागेवर बसवते. म्हणजे ती नसतानाच तिची जागा मला राखून ठेवावी लागते. हे प्रकरण अशाच एका थंबनेलचं आहे. वस्तू होती कानांवर पूर्ण बसणारा, मॅट काळ्या रंगाचा वायरलेस हेडफोन. ती तो महिनाभर वापरून मग बोलणार होती.

पहिला थंबनेल घाईत झाला होता. ती मध्यभागी, हातात छातीपाशी धरलेला हेडफोन, मागे गडद निळी भिंत आणि खाली एका ओळीत ‘या हेडफोनचा महिनाभरानंतरचा खरा अनुभव’. माझ्या पडद्यावर १२८० बाय ७२० पिक्सेलच्या मूळ आकारात ते चित्र ठीकच दिसत होतं. पण यूट्यूबवर बहुतेक लोक ते त्या आकारात बघतच नाहीत. संगणकावर एखादा व्हिडिओ चालू असताना शेजारी जी सुचवलेल्या व्हिडिओंची यादी येते, तिथे चित्र साधारण १६८ पिक्सेल रुंद उरतं. मूळ आकाराच्या आठव्या हिश्शाहून किंचित मोठं. आमच्या चित्रात हेडफोन १९० पिक्सेल उंच होता, तो तिथे २५ पिक्सेलचा झाला. मजकूर ६० पिक्सेलच्या फॉन्टमध्ये होता, तो आठवर आला. शिवाय ‘अनुभव’ हा शब्द उजव्या कोपऱ्यात व्हिडिओची वेळ दाखवणाऱ्या काळ्या पट्टीखाली निम्मा झाकला गेला. चित्र लहान होतं तशी ती पट्टी लहान होत नाही, त्यामुळे यादीतल्या छोट्या चित्रात ती रुंदीचा जवळपास पाचवा हिस्सा घेते.

मी ते चित्र १६८ पिक्सेलवर आणून मैत्रिणीला पाठवलं आणि विचारलं, ‘यात तुझ्या हातात काय आहे?’ तिचं उत्तर आलं, ‘मला माहीत आहे म्हणून हेडफोन दिसतोय. नाहीतर पर्स वाटेल.’ तिथेच ते चित्र बाद झालं.

हेडफोन मोठा करणं

वस्तू मोठी करायची म्हणजे फोटो खेचून मोठा करायचा, असं सुरुवातीला मलाही वाटायचं. हातात धरलेल्या वस्तूच्या बाबतीत ते जमत नाही. बोटांनी तिचा आकार झाकलेला असतो आणि माणूस व वस्तू एकमेकांना बांधले जातात. वस्तू वाढवली की माणूसही वाढतो. म्हणून हेडफोनचा वेगळा फोटो घ्यायचं ठरलं.

हेडफोनची एक अडचण अशी की समोरून पाहिलं तर तो बहुतांशी पोकळ असतो. वर एक पातळ पट्टा, खाली दोन लहान कप आणि मधे नुसती हवा. समोरून काढलेला फोटो कितीही मोठा लावला तरी वस्तू मोठी वाटत नाही, कारण चौकटीतली जागा खाते ती हवाच. आम्ही तो तिरका ठेवला. एक कप कॅमेऱ्याकडे जवळजवळ पूर्ण वळलेला, दुसरा त्याच्या मागे अर्धवट दिसणारा, पट्टा वर उजवीकडे झुकलेला. या कोनात पुढचा कप भरीव गोल दिसतो आणि तोच चित्राचं वजन उचलतो.

पहिले फोटो मैत्रिणीने फोन अगदी जवळ, वीतभर अंतरावर धरून काढले. पुढचा कप ढोलासारखा फुगला आणि मागचा सुपारीएवढा झाला. हा दोष लेन्सचा कमी आणि अंतराचा जास्त. कॅमेरा वस्तूच्या इतका जवळ गेला की पुढचा भाग आणि मागचा भाग यांच्या अंतरातला फरक प्रमाणाबाहेर मोठा होतो. रिव्ह्यूच्या चित्रात तर वस्तूचा खरा आकार चुकवणं मला अजिबात पटत नाही. लोक त्यावरून अंदाज बांधतात. ती मीटरभर मागे गेली, फोनच्या तिप्पट झूमच्या लेन्सने फोटो घेतले आणि दोन्ही कप एकाच वस्तूचे दिसू लागले.

मग काळ्या रंगाचा प्रश्न. मॅट काळी वस्तू प्रकाश गिळते. साध्या खोलीच्या उजेडात काढली तर फोटोत तिचा एक सपाट डाग होतो आणि लहान आकारात कप, गादी, पट्टा काहीच वेगळं कळत नाही. फोटो उजळवून उपयोग होत नाही, त्याने काळा रंग राखाडी आणि खरबरीत होतो. काळ्या वस्तूचा आकार दिसतो तो तिच्या कडांवर पडलेल्या पांढऱ्या परावर्तनामुळे. म्हणून हेडफोनच्या डाव्या बाजूला आणि किंचित मागे पांढरा पुठ्ठा उभा केला आणि दिव्याचा उजेड आधी त्या पुठ्ठ्यावर पाडला. कपाच्या डाव्या कडेवर एक लांब, मऊ, फिकट रेघ आली. दुसरा छोटा पुठ्ठा वर धरला तेव्हा पट्ट्याची वरची कड उजळली. एवढ्या दोन रेघांनी तो डाग पुन्हा हेडफोन झाला.

चित्रात बसवताना मी तो डावीकडे ठेवला आणि चौकटीबाहेर जाऊ दिला. पट्ट्याचा सर्वांत वरचा भाग वरच्या कडेने कापला गेला, पुढच्या कपाची थोडी बाजू डाव्या कडेबाहेर गेली. वस्तू पूर्ण दिसलीच पाहिजे असा आग्रह धरला असता तर ती पाऊणपटच मोठी करता आली असती. काय कापायचं याचा माझा नियम असा की जो भाग पाहणारा मनात आपोआप पुरा करतो तोच कापायचा. पट्टा वरून वळून खाली येणार हे कुणालाही सांगावं लागत नाही. अख्खा कपच कापला असता तर मात्र उरलेला आकार कमानीसारखा काहीतरी दिसला असता. कापून झाल्यावर हेडफोनचा दिसणारा भाग ६०० पिक्सेल उंच होता, म्हणजे छोट्या यादीत सुमारे ७९ पिक्सेल. आधीच्या २५ च्या तिप्पट.

एक लहानशी गोष्ट पुष्कळदा निसटते. पट्टा आणि कप यांच्या मधल्या पोकळीतून मूळ फोटोतली भिंत दिसत राहते. वस्तू बाहेरून नीट कापली आणि आतली पोकळी विसरली, तर नव्या पार्श्वभूमीवर मधेच राखाडी ठिगळ दिसतं. ती पोकळीही वेगळी कापावी लागते.

कोणते दोन शब्द

मजकुरावर आमचा सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

शीर्षकात हेडफोनचं नाव आणि ‘महिनाभरानंतर’ हा शब्द येणारच होता, आणि शीर्षक थंबनेलच्या खाली किंवा शेजारी कायम दिसतं. तेच चित्रात पुन्हा लिहिलं की जागा वाया जाते. चित्रातल्या शब्दांनी शीर्षकात नसलेलं सांगायला हवं. मैत्रिणीचा निष्कर्ष असा होता की आवाज उत्तम आहे, पण दोन तासांनंतर कान दुखायला लागतात, कारण कपाची आतली जागा उथळ आहे आणि कानाची पाळी आत टेकते. यावरून तिने सुचवलं, ‘फक्त २ तास’. लहान, ठसठशीत आणि त्यात आकडा. मलाही आवडलं, आणि व्हिडिओ त्याच थंबनेलने प्रसिद्ध झाला.

पहिल्याच दिवशी आलेल्या प्रतिक्रियांत पुन्हा पुन्हा एकच प्रश्न होता, बॅटरी खरंच दोनच तास चालते का? आम्हा दोघींनाही आपली चूक तेव्हा दिसली. वायरलेस हेडफोनच्या चित्राशेजारी तासांचा आकडा ठेवला की कुणीही तो बॅटरीचाच समजणार. आम्हाला संदर्भ माहीत होता म्हणून तो अर्थ आमच्या डोक्यात आलाच नाही. हे नुसतं संदिग्ध नव्हतं, वस्तूवर अन्याय करणारं होतं, कारण बॅटरीबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती. व्हिडिओ किती वेळ पाहिला जातो त्याच्या आलेखातही सुरुवातीलाच मोठा उतार होता. लोक बॅटरीचं उत्तर शोधायला आले, ते मिळेना म्हणून निघून गेले, असाच मी त्याचा अर्थ लावला.

त्यानंतर मी एक रीत ठेवली आहे. शब्द ठरले की चित्र आणि शब्द एवढंच अशा माणसाला दाखवायचं ज्याला व्हिडिओत काय आहे ते ठाऊक नाही, आणि विचारायचं, ‘हा व्हिडिओ कशाबद्दल आहे असं वाटतं?’ मैत्रिणीच्या भावाला ‘फक्त २ तास’ दाखवल्यावर तो क्षणात म्हणाला, ‘बॅटरी.’ ‘कान दुखले’ दाखवल्यावर म्हणाला, ‘फार वेळ घालता येत नाही वाटतं.’ हेच हवं होतं. ‘घ्यावा का?’ हाही पर्याय समोर होता, पण तो कोणत्याही वस्तूला लावता येतो, म्हणून या हेडफोनबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

‘कान दुखले’ निवडण्यामागे अक्षरांचंही कारण होतं. देवनागरीत फॉन्टचा आकडा फसवा असतो. १७० पिक्सेलचा फॉन्ट घेतला तरी त्यातली वरची जागा वेलांट्या-मात्रांसाठी आणि खालची उकारांसाठी राखलेली असते, शिरोरेघेपासून पायापर्यंतचं अक्षराचं मूळ अंग त्या मानाने बरंच लहान उरतं. जोडाक्षरं आली की अडचण वाढते. ‘त्रुटी’ किंवा ‘निष्कर्ष’ ठळक फॉन्टमध्ये लहान केले की अक्षरांतल्या पोकळ्या भरून जातात आणि शब्दाचा ठोकळा होतो. ‘कान दुखले’मध्ये एकही जोडाक्षर नाही. शिवाय ते दोन ओळींत मांडताना वरच्या ‘कान’ला खाली उतरणारी मात्रा नाही, त्यामुळे ‘दुखले’ची वरची मात्रा त्याच्या अगदी जवळ येऊ शकते आणि दोन्ही ओळी घट्ट बसतात. शब्दांचा क्रम उलटा असता तर ‘दु’चा उकार खालच्या ओळीच्या शिरोरेघेत घुसला असता आणि मला अंतर वाढवून फॉन्ट लहान करावा लागला असता.

फॉन्ट मुक्ताचा सर्वांत जाड प्रकार घेतला. बलू २ सुद्धा चालला असता, पण त्याची गोलाई या तक्रारीला फार लाडिक वाटली. अक्षरांत अंतर वाढवायचा मोह टाळला, कारण तसं केलं की शिरोरेघ प्रत्येक अक्षराशी तुटते. अक्षरांभोवती पांढरी बाह्यरेषा लावून पाहिली, तेव्हा जिथे दोन अक्षरं शिरोरेघेवर जुळतात तिथे उभ्या पांढऱ्या चिरा दिसायला लागल्या. प्रत्येक अक्षराला स्वतंत्र बाह्यरेषा लागत होती. मजकुराचे आकार करून ते एकत्र जोडले आणि मग बाह्यरेषा लावली की त्या चिरा जातात. शेवटी बाह्यरेषा मी काढूनच टाकली, कारण पार्श्वभूमी बदलल्यावर तिची गरज राहिली नाही.

पार्श्वभूमी गडद निळ्याऐवजी सपाट पिवळी केली. काळा हेडफोन गडद भिंतीवर कितीही उजळला तरी कडेला हरवतो, पिवळ्यावर मात्र त्याची पूर्ण बाह्याकृती दिसते. अक्षरं काळी ठेवली असती तर ती आणि हेडफोन एकच काळा पट्टा वाटले असते, पांढरी ठेवली असती तर पिवळ्यावर वाचताच आली नसती. गडद लाल चाललं. रंग बरे जमलेत असं वाटत असतानाही मी चित्र एकदा पूर्ण राखाडी करून पाहते. रंग काढल्यावरही शब्द आणि वस्तू वेगळ्या दिसल्या तरच तो फरक उजेड-अंधाराचा आहे, नुसत्या रंगाचा नाही.

जागा कमी पडते म्हणून मजकूर हेडफोनच्या पोकळीत बसवावा, असंही एकदा मनात आलं. कल्पना गोड आहे, पण तिथे जेमतेम २६० पिक्सेल रुंदी मिळत होती आणि ‘दुखले’ अर्ध्या आकाराचा झाला. ती कल्पना सोडून दिली आणि मजकूर मधल्या पट्ट्यात, हेडफोन आणि तिच्या जागेच्या दरम्यान ठेवला.

तिची जागा

तिच्यासाठी उजवीकडचे ४४० पिक्सेल ठेवले. उजवीकडेच का, तर वेळेची पट्टी उजव्या खालच्या कोपऱ्यात येते. तिथे वस्तू किंवा शब्द असले तर नुकसान होतं, पण तिच्या शर्टाचा कोपरा झाकला गेला तर कुणाचं काही अडत नाही. आधी थोडा पाहिलेल्या व्हिडिओवर खालच्या कडेला लाल रेघही येते, म्हणून मजकूर खालच्या कडेपासून बराच वर ठेवला.

४४० ही जागा मी चेहरा धरून मोजली होती आणि तिथे चुकले. चेहरा ३०० पिक्सेल उंच घेतला तर डोकं त्या जागेत सहज बसतं. पण खांदे डोक्याच्या दुपटीहून जास्त रुंद असतात. आणि ‘कान दुखले’ला साजेशी मुद्रा म्हणजे हात कानावर. तिचे फोटो आले तेव्हा तिने उजवा हात उजव्या कानाला लावला होता, म्हणजे चित्रात डावीकडे. कोपर बाहेर आलं आणि ते थेट ‘दुखले’च्या ‘ले’वर चढलं. तिला लहान करून पाहिलं तर चेहऱ्यावरचा भाव गेला. मजकूर सरकवला तर तो हेडफोनवर चढला.

मी फोन केला तेव्हा ती वैतागून म्हणाली, ‘अगं, मग कुठला हात लावू?’ मी म्हटलं, ‘डावा. तुझं कोपर चौकटीबाहेर जाऊ दे.’ डावा हात म्हणजे चित्राच्या उजव्या कडेकडचा. कोपर आणि एक खांदा कडेने कापले गेले आणि आतल्या बाजूला फक्त दुसरा, खाली सोडलेला खांदा उरला. तोही तिने शरीर थोडं वळवून अरुंद केला. तिने चेहरा हेडफोनच्या दिशेने वळवला, नजरही तिकडेच. माणूस चौकटीबाहेर बघत असेल तर पाहणाऱ्याची नजरही त्याच्यामागे बाहेर जाते. इथे ती शब्दांवरून हेडफोनपर्यंत जात होती.

जुनाच फोटो उलटा फिरवून वेळ वाचवता आला असता का? तिचा फोटो आरशासारखा फिरवायला हरकत नसते, शर्टावर अक्षरं नसली तर. तिला आवडत नाही, कारण भांग दुसऱ्या बाजूला जातो आणि चेहरा तिला परका वाटतो, म्हणून पुन्हा काढला. हेडफोन मात्र कधीच फिरवायचा नाही. कपावरची बटणं दुसऱ्या बाजूला जातात आणि नाव उलटं दिसतं.

नव्याने फोटो काढायचाच होता, तर आणखी तीन गोष्टी सुधारून घेतल्या. पहिल्या वेळी दिवा तिच्या उजव्या गालावर कमी आणि डाव्यावर जास्त होता, म्हणजे चित्रात उजेड उजवीकडून येत होता, तर हेडफोनवर तो डावीकडून होता. दोन वस्तू एकाच खोलीतल्या वाटत नव्हत्या, आणि का वाटत नाहीत हे पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं तरी जाणवलं असतं. दिवा दुसऱ्या बाजूला नेला. दुसरं म्हणजे ती गडद पडद्यासमोर उभी होती आणि तिचे केस मोकळे होते. सुट्या केसांच्या कडेला मागचा गडद रंग चिकटून येतो आणि पिवळ्यावर ठेवलं की डोक्याभोवती मळकट कडं दिसतं. फिकट भिंतीसमोर उभं राहिल्यावर कडेला फिकट रंग आला, तो पिवळ्यात मिसळून गेला. तिसरं शर्टाचं. काळ्या टी-शर्टमध्ये ती आणि हेडफोन असे दोन काळे गोळे दोन्ही बाजूंना होत होते. निळा घातल्यावर चित्रात काळी वस्तू एकच उरली.

आता मी तिला फोटो काढण्याआधी एक फाईल पाठवते. हेडफोन, मजकूर आणि तिच्या जागी माणसाची राखाडी आकृती, कोपरासकट. रिकामा चौकोन पाठवला की तो डोक्याने भरला जातो. आकृती पाठवली की कोणता हात, कोणता खांदा, नजर कुठे हे तिला आपोआप कळतं.

नवं चित्र लावल्यावर बॅटरीबद्दलचे प्रश्न थांबले. त्या जागी लोक विचारू लागले की चष्मा असेल तर आणखी दुखतं का, गादी बदलता येते का. हे प्रश्न त्या व्हिडिओचेच होते. नंतर आम्ही यूट्यूबच्या थंबनेलची तुलना करणाऱ्या `Test & compare` या सोयीत याच मांडणीच्या दोन आवृत्त्या लावल्या, एक पिवळ्या पार्श्वभूमीची आणि एक फिकट राखाडी. ही चाचणी कोणत्या चित्रावर जास्त क्लिक झाले यावर ठरत नाही, कोणत्या चित्रामुळे पाहण्याचा वेळ जास्त मिळाला यावर ठरते, आणि तिला दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. दोन्हींमध्ये ठाम फरक निघाला नाही. चित्रं इतकी सारखी असली की तसं होणं साहजिक आहे. आम्ही पिवळं ठेवलं, कारण राखाडीवर मागचा कप जरा हरवत होता.

पुढच्या व्हिडिओची वस्तू पातळ टॅब्लेट आहे. तो तिरका ठेवला की नुसती पट्टी दिसते आणि समोरून ठेवला की पडद्यावर काय दाखवायचं हा प्रश्न येतो, त्यामुळे ही मांडणी तशीच उचलता येणार नाही. उजवीकडची आकृती मात्र तिला पाठवून झाली आहे, या वेळी दोन्ही हात खाली.